देवाला नवे लागते का?



गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरवली आणि नातीला म्हटले, "ये, मखर जोडू." ती आठ वर्षांची आहे. तिने पेटीत डोकावून पाहिले, आतले लाकडी खांब, पडदे, घंट्या ओळखल्या आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आजोबा, हे तर मागच्याच वर्षीचं आहे. देवाला दर वर्षी तेच ते दाखवायचं?"

तिचा प्रश्न खोटा नव्हता. शहाद्याच्या बाजारात ती आईबरोबर जाऊन आली होती. गोमाईच्या पुलापलीकडे शहादा आणि अलीकडे आमचे लोणखेडा. त्यामुळे बाजारात जे लागते ते संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत येते. सोनेरी कागदाचे खांब, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, चमकीचे पडदे, देवामागे लावायचे छापील फ्लेक्स, सगळे तिने पाहिले होते. शेजारच्या घरी नवे आले होते. आमच्या पेटीतून मात्र जुने निघाले. लेकराला वाटले की आपण देवाच्या बाबतीत हात आखडता घेतो आहोत.

माउली, हा प्रश्न तुमच्याही घरी कुणीतरी विचारला असेल, किंवा मनात आला असेल. पाहुण्याला शिळे वाढत नाही, मग देवाला जुने कसे मांडायचे? त्याचे उत्तर "पैसे वाचतात" किंवा "कचरा होतो" एवढ्याने पुरे होत नाही. देवासाठी पैसे वाचवायचे कशाला, असे कुणी विचारले तर आपली जीभ थांबते. म्हणून आधी भक्तीच्या अंगाने विचार करू आणि मग पेटीकडे वळू.

पण त्याच्याही आधी माझी एक चूक सांगतो, कारण या विचाराची सुरुवात तिथून झाली.

2015 साली मी थर्माकोलचे मखर आणले होते. मोठे होते, कमानीचे, वर मोर कोरलेले. घरी सगळ्यांनी वाहवा केली. विसर्जनाच्या दिवशी मूर्तीबरोबर निर्माल्य गोमाईत सोडले आणि मखर घरात ठेवायला जागा नाही म्हणून तेही मोडून पाण्यात सोडून दिले. "देवाचे होते, देवाबरोबर गेले," असे मनाला सांगितले. कार्तिकात नदीचे पाणी उतरले तेव्हा काठाने जात होतो. बाभळीच्या झुडपांत पांढरे काहीतरी अडकलेले दिसले. जवळ जाऊन पाहिले तर मोराची मान होती. त्याच मखराची. खाली वाळूत साबुदाण्यासारखे पांढरे मणी पसरले होते. फुले कुजून माती झाली होती, केळीची पाने गेली होती, मूर्तीची माती विरघळली होती. मी देवाला सोडलेल्या सगळ्या गोष्टी देवाने घेतल्या होत्या. फक्त हे एक घेतले नव्हते.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले प्लास्टिक. त्यात बहुतेक हवाच भरलेली असते, म्हणून ते बुडत नाही. ते कुजतही नाही, फक्त तुटते आणि मणी मणी होऊन पाण्याबरोबर पुढे जाते. आमची गोमाई प्रकाशाला तापीला मिळते. ज्या प्रकाशाला आपण दक्षिण काशी म्हणतो, जिथे पर्वणीला स्नान करतो, त्या संगमाकडे मी माझी भक्ती अशी पाठवली होती.

पुढे 23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्या वर्षी गणपतीपुरती तरी थर्माकोलच्या मखरांना सूट मिळावी म्हणून मखरवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण त्यांना ती मिळाली नाही. बंदी झाली हे बरेच झाले. पण तुम्हीच आठवून पाहा, थर्माकोलच्या जागी काय आले? प्लास्टिकची फुले आली, चमकीचा कागद आला, फ्लेक्स आले. वस्तू बदलली, सवय बदलली नाही. दर वर्षी नवे आणायचे, दहा दिवसांनी टाकायचे, हे तसेच राहिले. कायदा एक वस्तू थांबवू शकतो. "देवाला नवेच पाहिजे" ही समजूत कायद्याने जात नाही. तिचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

आता नातीच्या प्रश्नाकडे येऊ. देवाला शिळे चालत नाही हे खरे आहे. कालचे फूल आज आपण वाहत नाही. कालचा नैवेद्य आज दाखवत नाही. पण हा नियम सगळ्या वस्तूंना लागू नाही, हेही आपल्याला आपल्या घरातूनच माहीत आहे. ताम्हन रोज नवे आणतो का? समई, घंटा, पळी-पंचपात्र आजीच्या काळचे असेल तर उलट अभिमानाने सांगतो. ते घासून स्वच्छ करतो आणि देवापुढे मांडतो. त्याला शिळे म्हणत नाही. इतकेच नव्हे, फुलापानांतही तुळस आणि पाण्यात गंगाजल शिळे होत नाही असे आपण मानतो. गळ्यातली तुळशीची माळ एकदा घातली की जन्मभर तीच असते. तिची दोरी झिजली तर दोरी बदलतो, पण मणी तेच ओवतो.

म्हणजे शिळे होणे हा काळाचा हिशेब नाही, तो वस्तूच्या स्वभावाचा हिशेब आहे. फुलाचा स्वभाव एका दिवसाचा, म्हणून ते एका दिवसाने शिळे होते. पितळेचा स्वभाव शंभर वर्षांचा, म्हणून त्याला फक्त घासणे लागते.

माउली, हे तुम्हाला मृदंगात सर्वांत स्पष्ट दिसेल. मृदंगाचे खोड लाकडाचे, ते दोन-दोन पिढ्या चालते. त्याची पुडी चामड्याची, ती काही वर्षांनी सैल होते, फाटते, मग कारागिराकडून नवी चढवून घेतो. आणि डाव्या पुडीवर लावायची कणीक भजनाला बसताना ताजी भिजवायची, भजन संपले की खरवडून काढायची. एकाच वाद्यात तीन आयुष्ये आहेत. कुणी म्हणाला, कणीक रोज ताजी लागते, तर खोडही रोज नवे आणू, तर आपण त्याला हसू. आणि कुणी कालचीच वाळलेली कणीक ठेवून वाजवू लागला, तर पखवाजी त्याला उठवील. ज्याचे जे आयुष्य ते त्याला देणे, एवढाच नियम आहे.

आपली वारीही अशीच चालते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली असे आपण सांगतो. तेव्हापासून आजवर काय दर वर्षी नवे असते? पायांखालचा चिखल नवा, वाटेवरचा पाऊस नवा, पालखीवरची फुले रोजची ताजी. आणि पादुका त्याच, दिंडीतली वीणा तीच, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलेली. आपल्या खानदेशातून मुक्ताईची पालखी निघते, त्या वाटेवर पाहा. पताका किती उन्हापावसाने फिकी झालेली असते. पण जिचा रंग उडाला ती पताका वारकरी लपवत नाही. तो फिका रंग म्हणजे तिने केलेल्या वाऱ्या असतात.

आणि आमच्या लोणखेड्याच्या परिसरात, साऱ्या खानदेशातच, कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना, रोटांचा नैवेद्य, रात्रभर गाणी आणि सोमवारी निरोप. तिथे देवी म्हणजे नारळ. नारळाला नथ घालतात, दागिने घालतात, लुगडे नेसवतात. पुष्कळ घरांत तो नारळ पिढ्यान्‌पिढ्या जपलेला असतो. नदीवर नेतात, पूजा करतात आणि पुन्हा घरी आणून ठेवतात. नथ सासूची असते, तिच्या सासूची असते. त्या दिवशी केळीचे खांब ताजे, फुले ताजी, रोटाचे गहू नवे दळलेले. देवी मात्र तीच, आणि तिचे सोनेही तेच. "कानबाईला यंदा वेगळी नथ आणू" असे कुणी म्हणाले तर घरातली म्हातारी बाई त्याला विचारील, का रे, हिने काय बिघडवले?

माझी माय हे एका वाक्यात सांगायची. मोराचे मखर आणले त्या वर्षी ती होती. सगळे वाहवा करत होते, तेव्हा ती आमच्या अहिराणीत एवढेच म्हणाली, "आपले नवं लागस, देवले नही." नवे आपल्याला लागते, देवाला नाही. मला त्या वेळी राग आला होता.

तर मग अडचण नेमकी कुठे आहे? ती एका तिसऱ्या प्रकारच्या वस्तूत आहे. पहिला प्रकार विरून जाणाऱ्यांचा: फूल, पान, रांगोळी, माती. दुसरा प्रकार टिकणाऱ्यांचा: लाकूड, पितळ, कापड. या दोन्ही प्रकारांची जागा परंपरेने ठरवून दिलेली आहे. तिसरा प्रकार बाजाराने आणला. त्याचे रूप फुलासारखे, पण तो विरत नाही. तो टिकतो, पण जपण्यासारखा नसतो, कारण दुसऱ्या वर्षी त्याचा रंग उडतो, चमकी गळते, तार गंजते. त्याला ना फुलाचे मरण आहे, ना पितळेचे आयुष्य. अशी वस्तू नदीत सोडता येत नाही आणि देव्हाऱ्यात ठेवताही येत नाही. बाजारात काही उचलताना एवढेच विचारून पाहा, माउली: हे विरेल का? नाही तर, हे टिकेल का? दोन्हींना "नाही" आले तर ते खाली ठेवा.

आता पेटीकडे येऊ. नुसते "टिकाऊ घ्या" म्हणून भागत नाही. टिकाऊ वस्तू जपली नाही तर तीही दोन वर्षांत कचरा होते, हे मी अनुभवाने शिकलो.

2016 साली मी गावातल्या सुताराकडून मखराचा सांगाडा करून घेतला. सागाचे चार खांब, प्रत्येकी साडेतीन फूट उंच आणि दीड इंच जाड. खाली एक चौकट, वर एक चौकट. खिळा एकही नाही, सगळे सांधे खुंटीचे, म्हणजे ठोकून बसवायचे आणि काढायचे. सुताराने प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने सारखीच खूण केली, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. ही खूण नसती तर दर वर्षी अर्धा दिवस कोणता खांब कुठला हे शोधण्यात गेला असता. मागे लावायला बांबूची विणलेली जाळी एका बुरूड कारागिराकडून घेतली. पडदे मायच्या दोन जुन्या नऊवारी लुगड्यांचे केले. लुगडी मधोमध विरली होती, पण काठ आणि पदर धड होते. चार लहान पितळी घंट्या, एक लाकडी तोरण. एवढेच सामान. सगळे मिळून 2,600 रुपये लागले. त्या आधी बाजारातल्या मखराला दर वर्षी सातशे-आठशे जात होते, म्हणजे चौथ्या वर्षाच्या आत खर्च फिटला. मधे दुरुस्तीला साधारण 900 रुपये गेले. गेल्या वर्षी त्याने दहावा गणपती पाहिला.

आणि तो फक्त गणपतीचा राहिला नाही. आषाढीला त्यातच विठ्ठलाची तसबीर बसते, कानबाईचा चौरंग त्याखाली मांडतो, नवरात्रात घट बसतो. सांगाडा एकच, पडदे आणि ताजी फुले बदलली की प्रत्येक सणाचे रूप वेगळे होते. वर्षातून चार वेळा वापरली जाणारी वस्तू माळ्यावर विसरली जात नाही. तीच वस्तू एकदाच वापरायची असेल तर पुढच्या वर्षी ती सापडेलच असे नाही.

पहिल्याच वर्षी मी चुकलो. सण संपल्यावर कापड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट बांधले. वाटले, धूळ लागणार नाही. कापडात आधीच थोडी ओल होती, ती आत कोंडली. पुढच्या वर्षी पिशवी उघडली तर कुबट वास आला आणि काठावर काळे ठिपके होते. बुरशीचे ते डाग शेवटपर्यंत गेले नाहीत, एक पडदा फाडून पायपुसणे करावा लागला. तेव्हापासून कापडावरचे हळदी-कुंकू आधी कोरड्या फडक्याने झटकतो, कारण ओल्या हाताने पुसले की डाग पक्का होतो. मग धुण्यासारखे असेल ते धुतो, एक दिवस उन्हात आणि एक दिवस सावलीत वाळवतो, आणि जुन्या सुती धोतरात बांधतो. सुती कापडातून वारा जातो. जरीचा काठ असेल तर घडी दर वर्षी वेगळ्या जागी घालायची, नाही तर एकाच घडीवर जरी तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, त्याने ती काळवंडते. मी वाळलेला कडुनिंबाचा पाला एका पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवतो आणि दर वर्षी बदलतो.

दुसरी चूक बांबूची. तिसऱ्या वर्षी जाळी उचलली तर खाली बारीक पिवळसर पीठ पडलेले दिसले. बांबूला किडा लागला की तो आतून पोखरतो आणि असे पीठ बाहेर टाकतो. तेवढ्यावर ध्यान गेले तर वाचते. पीठ दिसले ती काडी काढून टाकायची, बाकीची जाळी कडक उन्हात ठेवायची. माझी जाळी निम्मी गेली होती. बुरूड दादांनी पाहिले आणि विचारले, "बांबू कधी तोडलेला होता?" मला ठाऊक नव्हते. त्यांनी सांगितले की पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला बांबू घ्यावा, तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा आणि मग सावलीत वाळवावा. बांबूत जो गोड अंश असतो त्यावर किडा येतो, पाण्याने तो बराच निघून जातो. त्यांनी तसा बांबू वापरून जाळी पुन्हा विणून दिली. ती आजवर टिकली आहे.

पितळेचे तुम्हाला माहीतच आहे. चिंच लावून घासावे. पण घासल्यावर चिंच पूर्ण धुतली नाही तर खाचांत आंबट राहते आणि तिथेच हिरवा थर चढतो. म्हणून खळखळून धुवायचे, लगेच पुसायचे, थोडा वेळ उन्हात ठेवायचे आणि मग बांधायचे. दिव्यांची माळ असेल तर बटण लावण्याआधी तार हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत पाहायची. माळ्यावर उंदीर तार कुरतडतात आणि तो उघडा भाग कापडामागे दिसत नाही. शेवटी पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: खांब 4, चौकटी 2, खुंट्या 16, जाळी 1, पडदे 3, घंट्या 4. ठेवताना मोजा, काढताना मोजा. एक खुंटी हरवली तर मखर उभे राहत नाही आणि मग माणूस बाजाराकडे धावतो.

माउली, इथे दोन शंका येतात, त्या टाळून पुढे जाणे बरे नाही.

पहिली शंका: आपण दर वर्षी घेतले नाही तर करणाऱ्यांचे पोट कसे चालेल? शंका रास्त आहे. पण नीट पाहा. बाजारातले चमकीचे मखर घेतले तेव्हा माझा पैसा कुठल्या तरी दूरच्या कारखान्याकडे गेला. सांगाडा केला तेव्हा तो गावातल्या सुताराकडे गेला, जाळी पुन्हा विणली तेव्हा बुरूड दादांकडे गेला. आणि ज्या वस्तूला ताजेपणा लागतो तिचा खर्च मी कमी केलेला नाही. प्लास्टिकच्या माळा बंद केल्या तेव्हा झेंडू, शेवंती आणि केळीचे खांब जास्त आणायला लागलो. ते शेतकऱ्याचे आणि फूलवाल्याचे आहेत. मातीची मूर्ती दर वर्षी नवी घेतो, कारण ती विरायचीच आहे. टिकणाऱ्याची दुरुस्ती आणि विरणाऱ्याची नवी खरेदी, या दोन्हींत कारागिराच्या हाताला काम आहे.

दुसरी शंका जास्त अवघड आहे. जुने वापरण्याचाही अहंकार होतो. मी स्वतः त्यात सापडलो. एका घरी प्लास्टिकची फुले पाहून मी दोन शब्द बोललो. त्या घरची बाई शेतमजुरी करते. ती म्हणाली, "बाबा, या माळा चार वर्षांपूर्वीच्या आहेत. धुऊन धुऊन लावते." मी गप्प झालो. ती तर माझ्याच वाटेवर होती, फक्त तिच्याकडे साग नव्हता. तेव्हापासून मी सांगतो की घरात जे प्लास्टिक आहे ते आज उठून फेकू नका. फेकले तर तोच कचरा आजच होतो. साबणाच्या पाण्यात धुवा, तुटेपर्यंत लावा, फक्त नवे आणू नका. आणि याच्या उलटेही खरे आहे. "पुन्हा वापरता येते" असे लिहिलेले कापडी मखर दर वर्षी नवे विकत घेतले, तर ते थर्माकोलहून फार वेगळे झाले नाही. वस्तू टिकाऊ असून चालत नाही, ती टिकवावी लागते.

गाडगे महाराजांची आठवण इथे येते. अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र, म्हणून लोक त्यांना गोधडे बुवा म्हणत. गावात आले की आधी झाडू हाती घेऊन गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. कर्ज काढून सण करू नका, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. त्यांचे कीर्तन ऐकायला जमणाऱ्यांनी त्यांच्या चिंध्यांवरून त्यांची भक्ती मोजली नाही. मग दुसऱ्याच्या मखरावरून त्याची भक्ती आपण का मोजावी, ते नवे असो की जुने?

आता नातीचे सांगतो. तिला मी हे सगळे सांगितले नाही, आठ वर्षांच्या लेकराला एवढे कशाला? मी तिला पेटीतला एक पडदा उलगडून दाखवला आणि म्हणालो, "हे तुझ्या पणजीचे लुगडे. तिने हे नेसून तुझ्या बाबाचे बारसे केले." तिने काठावरून हात फिरवला. मग विचारले, "हे पुढे लावू की मागे?" मी म्हणालो, "तू सांग." तिने पडदा बाजूला कमानीसारखा बांधला. असा आम्ही कधी बांधला नव्हता. घंट्या वर टांगायच्या सोडून खाली ओळीने लावल्या. अंगणातली तुळस आणि जास्वंद आणून खांबांना बांधली. सामान दहा वर्षांचे होते, रूप त्या दिवसाचे होते.

संध्याकाळी शेजारच्या मुली आरतीला आल्या. एकीने विचारले, "हे कुठून आणलं?" नात म्हणाली, "आणलं नाही. आमच्याकडे आहे."

विसर्जनाच्या दिवशी मूर्ती गोमाईवर नेली. फुले, पत्री आणि तुळस शेतातल्या खड्ड्यात पुरली, पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांची माती होईल. घरी आल्यावर नात न सांगता पेटीपाशी बसली आणि खुंट्या मोजू लागली. सोळा भरल्या. झाकण लावताना म्हणाली, "पुढच्या वर्षी लवकर या." ते ती देवाला म्हणाली की मखराला, मी विचारले नाही.

रामकृष्ण हरी.